ईसीजीची डुलती रेषा सरळ करताना: एफआयआर घ्यावा की आयआयआर?

ईसीजीची नोंद पहिल्यांदा पडद्यावर उघडणाऱ्याच्या डोळ्यांत भरते ती तिची डुलती पायारेषा. माणूस श्वास घेतो, छाती वर-खाली होते, इलेक्ट्रोड किंचित सरकतात, आणि हृदयाचे ठोके लाटेवरच्या होडीसारखे वर-खाली होत राहतात. मिनिटाला १२ ते १८ श्वास म्हणजे ०.२ ते ०.३ हर्ट्झ. ही लाट काढून टाकायची आणि ठोक्याचा आकार मात्र तसाच ठेवायचा, इतकंच काम आहे. एफआयआर आणि आयआयआर या दोन प्रकारचे डिजिटल फिल्टर फेजमध्ये, स्थिरतेत आणि गणिताच्या खर्चात कसे वेगळे पडतात, हे शिकायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. कारण इथे एका बाजूची अडचण सोडवायला गेलं की दुसरी बाजू उघडी पडते.

पायथॉन आणि `scipy` असेल तर पुढच्या पायऱ्या सोबत करत चला. सिग्नल सेकंदाला २५० नमुन्यांचा आहे असं धरू.

पायरी १: दोन्ही समीकरणं शेजारी ठेवा

```
FIR:  y[n] = b0·x[n] + b1·x[n-1] + ... + bM·x[n-M]

IIR:  y[n] = b0·x[n] + b1·x[n-1] + b2·x[n-2]
             - a1·y[n-1] - a2·y[n-2]
```

एफआयआर फक्त आत आलेल्या नमुन्यांकडे बघतो. प्रत्येकाला एका ठरलेल्या गुणकाने गुणतो आणि बेरीज करतो. या गुणकांना टॅप म्हणतात. एखादा नमुना शेवटच्या टॅपच्या पलीकडे गेला की त्याचा परिणाम कायमचा संपला.

आयआयआर स्वतःचं आधीचं उत्तरही पुन्हा आत घेतो. त्यामुळे एकदा आलेला नमुना तत्त्वतः कधीच पूर्ण विसरला जात नाही. त्याचा परिणाम फक्त विरत जातो. चार-पाच गुणकांत लांबलचक स्मरणशक्ती मिळते ती याच वळशामुळे. पुढे दिसणारे सगळे फरक या एका गोष्टीतून निघतात, म्हणून कागदावर ही दोन समीकरणं एकदा हाताने लिहून बघा.

पायरी २: काय अडवायचं आणि काय सोडायचं, ते आकड्यांत ठरवा

श्वासाची लाट ०.३ हर्ट्झपर्यंत आहे, म्हणजे तिथपर्यंतचं सगळं अडवायचं. सोडायचं कुठून? ठोके जर ठरावीक गतीने पडत असतील, तर ईसीजीत ठोक्याच्या गतीहून कमी वारंवारतेचं काही नसतं. मिनिटाला ४० ठोके ही पुरेशी संथ गती धरली तर ४० भागिले ६०, म्हणजे ०.६७ हर्ट्झ. त्याच्या वरचं सगळं जसंच्या तसं जायला हवं.

अडवण्याची हद्द ०.३ आणि सोडण्याची ०.६७. मधला पट्टा केवळ ०.३७ हर्ट्झ रुंद आहे, आणि नमुने सेकंदाला २५०. हे गुणोत्तर लक्षात ठेवा, सगळा खर्च त्यावरच ठरणार आहे.

पायरी ३: दोन्ही फिल्टर बनवा

एफआयआरसाठी हॅमिंग विंडो वापरली तर टॅपची संख्या साधारण अशी काढतात: ३.३ गुणिले नमुन्यांची गती, भागिले मधल्या पट्ट्याची रुंदी. ३.३ × २५० ÷ ०.३७ म्हणजे जवळपास २२३०. आपला फिल्टर हाय-पास, म्हणजे वरच्या वारंवारता सोडणारा आहे, आणि त्याला टॅपची संख्या विषम लागते. सम संख्येच्या सममित फिल्टरचा प्रतिसाद सर्वांत वरच्या वारंवारतेला आपोआप शून्य होतो, आणि हाय-पासला ते चालत नाही. `firwin` ला सम संख्या दिलीत तर तो चूक दाखवून थांबेल. म्हणून २२३१ घेऊ. आयआयआरसाठी नवखे लोक सहसा जे उचलतात तेच घेऊ: दुसऱ्या ऑर्डरचा बटरवर्थ, कटऑफ ०.५ हर्ट्झ.

```python
import numpy as np
from scipy import signal

fs = 250
h = signal.firwin(2231, 0.485, window="hamming",
                  pass_zero=False, fs=fs)
sos = signal.butter(2, 0.5, btype="highpass",
                    output="sos", fs=fs)
```

ही तुलना पूर्ण बरोबरीची नाही, हे आधीच सांगतो. ०.३ हर्ट्झला हा बटरवर्थ लाट साधारण एक तृतीयांशावर आणतो, तर एफआयआर ती काही शतांशांच्याही खाली नेतो. बरोबरीचा उतार हवा तर बटरवर्थला नववी ऑर्डर लागेल. खर्चाचा हिशोब करताना तिकडे परत येऊ.

पायरी ४: फेज तपासा, आणि तो खोट्या ठोक्यावर तपासा

फेजचा आलेख काढून नवख्या माणसाला फारसं काही उमगत नाही, असा माझा अनुभव आहे. त्यापेक्षा वेळेच्या भाषेत विचार करा. कोणताही सिग्नल अनेक साइन लहरींची बेरीज असतो. फिल्टरने सगळ्या लहरी सारख्याच वेळाने पुढे-मागे सरकवल्या तर आकार तोच राहतो, फक्त तो उशिरा दिसतो. वेगवेगळ्या वेळाने सरकवल्या, तर त्याच लहरी पुन्हा बेरजेत आल्या तरी आकार बदलतो. एकही लहर लहान-मोठी झाली नाही तरीही बदलतो.

आपल्या बटरवर्थचे आकडे असे आहेत. १ हर्ट्झची लहर तो सुमारे ४३ अंश, म्हणजे १२० मिलिसेकंद पुढे ओढतो. २ हर्ट्झची सुमारे २९ मिलिसेकंद पुढे जाते, ५ हर्ट्झची साडेचार, आणि १० हर्ट्झची फक्त एक. कटऑफ ०.५ हर्ट्झला आहे म्हणून १ हर्ट्झला काही होणार नाही, असं वाटतं, कारण उंचीच्या आलेखात तिथे जेमतेम ३ टक्के घट दिसते. फेजचा परिणाम मात्र कटऑफच्या बराच वरपर्यंत पसरलेला असतो. नवख्यांची सर्वांत मोठी फसगत इथेच होते.

ठोक्यावर याचा परिणाम काय होतो? ईसीजीत आधी उंच, टोकदार क्यूआरएस येतो आणि त्यानंतर एसटी हा सपाट तुकडा. क्यूआरएसच्या आधीच्या पातळीपेक्षा एसटी किती खाली किंवा वर आहे, हे डॉक्टर बघतात. व्यायाम चाचणीत तो ०.१ मिलिव्होल्ट, म्हणजे कागदावर एक मिलिमीटर खाली गेला, तर हृदयाला रक्त कमी पडतंय का, अशी शंका घेतली जाते. आपण असा ठोका बनवू ज्यात एसटी अगदी शून्यावर आहे: १ मिलिव्होल्ट उंचीचा आणि ८० मिलिसेकंद रुंदीचा त्रिकोण, दर सेकंदाला एक.

```python
x = np.zeros(20 * fs)
for k in range(250, 4751, 250):
    x[k-10:k+11] = np.bartlett(21)

y_iir = signal.sosfilt(sos, x)
y_fir = signal.lfilter(h, 1, x)

k, D = 3500, 1115
print(y_iir[k+30] - y_iir[k-15])
print(y_fir[k+D+30] - y_fir[k+D-15])
```

शेवटच्या दोन ओळी क्यूआरएसच्या मध्यापासून १२० मिलिसेकंद नंतरची आणि ६० मिलिसेकंद आधीची पातळी वजा करतात. `D` म्हणजे एफआयआरचा उशीर. त्याचं उत्तर तेवढे नमुने उशिरा येतं, म्हणून तेवढं पुढे जाऊन बघायचं.

आयआयआरचं उत्तर सुमारे −०.१३ मिलिव्होल्ट येतं. एफआयआरचं जवळपास शून्य.

मूळ सिग्नलमध्ये एसटी अजिबात खाली नव्हता. तो फिल्टरने खाली नेला, आणि तोही शंका घेण्याच्या मर्यादेपलीकडे. मी पहिल्यांदा अशीच एक नोंद साफ केली तेव्हा खाली गेलेला एसटी बघून घाबरलो होतो, आणि मूळ नोंद शेजारी लावल्यावर माझी चूक कळली. तेव्हापासून फिल्टर केलेला सिग्नल मी कधीही एकटा बघत नाही.

असं का होतं, ते दोन वाक्यांत सांगता येतं. हाय-पास म्हणजे मूळ सिग्नलमधून त्याची संथ सरासरी वजा करणं. आयआयआरला फक्त भूतकाळ माहीत असतो, म्हणून क्यूआरएसची सरासरी तो क्यूआरएसच्या *नंतर* वजा करतो: आधीची पातळी जागेवर राहते आणि नंतरची खाली जाते. सममित एफआयआर मधल्या नमुन्यासाठी दोन्ही बाजूंना सारखंच बघतो, म्हणून तो आधी आणि नंतर सारखंच वजा करतो. आपल्या उदाहरणात क्यूआरएसच्या दोन्ही बाजू ०.०४ मिलिव्होल्ट खाली जातात, आणि ०.०४ हीच त्या सिग्नलची सरासरी आहे. सगळी पायारेषाच एकसारखी खाली गेल्यामुळे फरक शून्य राहतो.

इथे 'सममित' हा शब्द महत्त्वाचा आहे. एफआयआर आहे म्हणून फेज आपोआप रेषीय होत नाही, म्हणजे सगळ्या लहरी सारख्याच वेळाने सरकतील असं नाही. गुणक मध्यापासून दोन्हीकडे सारखे असले तरच होते. `firwin` तसेच देतो, तरी दुसऱ्याकडून गुणक आले तर `np.allclose(h, h[::-1])` एकदा चालवून बघा.

अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या १९९० च्या शिफारशींत हाच फरक आकड्यांत उतरला आहे. साध्या फिल्टरसाठी खालचा कटऑफ ०.०५ हर्ट्झ, आणि फेज न बिघडवणाऱ्या रेषीय डिजिटल फिल्टरसाठी तो ०.६७ हर्ट्झपर्यंत नेण्याची मुभा. तेराच्या पटीहून मोठी ही सूट केवळ फेजमुळे मिळते.

पायरी ५: नोंद आधीच साठवलेली असेल तर हे करून बघा

सगळी नोंद फाइलमध्ये असेल तर आयआयआरची फेज पूर्ण रद्द करता येते. सिग्नल एकदा सरळ चालवायचा, मग उलटा करून पुन्हा त्याच फिल्टरमधून काढायचा. पहिल्या वेळी जी लहर पुढे गेली ती दुसऱ्या वेळी तेवढीच मागे येते.

```python
y = signal.sosfiltfilt(sos, x)
```

याच्या दोन परिणामांची जाणीव ठेवा. फिल्टर दोनदा लागल्यामुळे ०.५ हर्ट्झची लहर आता सत्तर टक्क्यांवर नव्हे, निम्म्यावर येते. आणि नोंदीच्या दोन्ही टोकांचे पहिले-शेवटचे दोन-तीन सेकंद विश्वासाचे नसतात, कारण तिथे फिल्टरला पलीकडचा सिग्नल मिळालेला नसतो. ते कापून टाका. साठवलेल्या नोंदीसाठी मी स्वतः बहुतेक वेळा हाच मार्ग घेतो. चालू सिग्नलवर मात्र तो चालत नाही, कारण उद्याचा ठोका आज हातात नसतो.

पायरी ६: कटऑफ खाली नेण्याआधी पोल कुठे जातात ते बघा

चालू सिग्नलसाठी आयआयआरच हवा असेल तर सरळ सुचणारा उपाय म्हणजे कटऑफ ०.५ वरून ०.०५ ला नेणं. खोटा एसटी खरोखरच दहाव्या भागावर येतो, ०.०२ मिलिव्होल्टच्या आत. श्वासाची लाट जवळजवळ तशीच राहते, पण तेवढं सोसू असं ठरवलं, तरी इथून स्थिरतेचा प्रश्न सुरू होतो.

आयआयआरमध्ये उत्तर परत आत येतं. ते दर फेरीला थोडं लहान होत गेलं तर फिल्टर स्थिर. तेवढंच राहिलं किंवा वाढत गेलं तर अस्थिर. ही घट पोल, म्हणजे a गुणकांपासून बनलेल्या बहुपदीची मुळं, सांगतात. सगळे पोल एकक वर्तुळाच्या आत असले पाहिजेत. कटऑफ जितका खाली, तितके पोल वर्तुळाच्या कडेला, १ या बिंदूजवळ सरकतात. ०.५ हर्ट्झला ते केंद्रापासून ०.९९१ अंतरावर आहेत, ०.०५ हर्ट्झला ०.९९९१ वर.

संगणकावर हे चालून जातं. आता हाच फिल्टर लहान यंत्रात १६ बिटांच्या पूर्णांकांत बसवू. गुणक −२ ते २ मध्ये असतात, म्हणून प्रत्येकाला १६३८४ ने गुणून जवळचा पूर्णांक घ्यायचा.

```
fc = 0.05 Hz, fs = 250 Hz

a1 = -1.99822285  ×16384 = -32738.88  ->  -32739
a2 =  0.99822443  ×16384 =  16354.91  ->   16355

1 + a1 + a2  ->  16384 - 32739 + 16355 = 0
```

शेवटची बेरीज शून्य आली, म्हणजे एक पोल बरोबर १ या बिंदूवर, वर्तुळाच्या कडेवर जाऊन बसला. मूळ बेरीज ०.०००००१५८ होती, आणि आपल्या पूर्णांकांची सर्वांत लहान पायरीच ०.००००६१ आहे. जो फरक फिल्टरला स्थिर ठेवत होता, तो पायरीच्या जेमतेम चाळिसाव्या भागाएवढा होता. पूर्णांक करताना तो पुसला गेला.

आता हा फिल्टर काहीच विसरत नाही. दर नमुन्याला पूर्णांक करताना राहणारी अर्ध्या पायरीची चूकही साठत जाते. भर म्हणून x ला गुणणारे b गुणकही पूर्णांक केल्यावर १६३६९, −३२७३९, १६३६९ होतात. त्यांची बेरीज शून्य यायला हवी ती −१ येते, म्हणजे इलेक्ट्रोडची स्थिर पातळीही आत शिरते आणि साठते. पडद्यावर हे असं दिसतं: पायारेषा एका दिशेने चढत जाते, काही सेकंदांत कडेला आदळते आणि उलट टोकाला उडी मारते. तार सैल झाली की काय, असंच वाटतं. खात्री करायची तर आत शून्य सिग्नल द्या. तारेचा दोष असेल तर रेषा थांबेल, फिल्टरचा असेल तर ती सरकतच राहील.

याहून सौम्य रूपही भेटतं. पोल वर्तुळाच्या आत असतात, पण शून्य सिग्नल दिला तरी उत्तर कुठल्यातरी लहान आकड्यावर अडकून बसतं, कारण दर फेरीची घट पूर्णांक करताना नाहीशी होते.

उपाय अवघड नाही. गुणक ३२ बिटांत घ्या. तेव्हा तोच फरक सुमारे १७०० पायऱ्यांचा होतो आणि पोल जागेवर राहतात. बेरीज ६४ बिटांत ठेवा. पूर्णांक केलेल्या गुणकांचे पोल पुन्हा काढून बघा, मूळ गुणकांचे नव्हे. ही तपासणी एका ओळीची आहे:

```python
print(np.abs(np.roots([16384, -32739, 16355])).max())
```

उत्तर १ किंवा त्याहून मोठं आलं, किंवा १ ऐवजी नुसत्या नवांची लांब रांग दिसली, तर फिल्टर वापरू नका.

ऑर्डर वाढवली तर ही अडचण संगणकावरच्या डबल प्रिसिजनमध्येही येते. नवव्या ऑर्डरचे सगळे पोल १ जवळ दाटीने बसतात, आणि एकाच लांब बहुपदीतून ते काढायला गेलं की सोळाव्या अंकातली चूकही त्यांना वर्तुळाबाहेर ढकलू शकते. म्हणूनच वर मी `output="sos"` लिहिलं. त्यात फिल्टर दोन-दोन पोलांच्या सुट्या टप्प्यांत मिळतो आणि एका टप्प्याची चूक दुसऱ्याला लागत नाही.

एफआयआरमध्ये हा सगळा अध्यायच नाही. उत्तर परत आत येत नाही, त्यामुळे गुणक कितीही ओबडधोबड पूर्णांक केले तरी तो अस्थिर होऊ शकत नाही. त्याचं नुकसान वेगळं असतं. आपल्या २२३१ टॅपपैकी मधला सोडून बाकीचे इतके लहान आहेत की १६ बिटांत सर्वांत मोठा सुमारे १२७ पायऱ्यांचा आणि टोकांचे एखाद्या पायरीचे. त्यामुळे अडवण्याच्या पट्ट्यात गळती वाढते, आणि सगळ्या गुणकांची बेरीज शून्याजवळ राहत नाही. पूर्णांक केल्यावर बेरीज काढा आणि जो शेष उरेल तो मधल्या गुणकातून वजा करा, म्हणजे स्थिर पातळी पूर्ण अडेल आणि सममिती मोडणार नाही.

पायरी ७: खर्च मोजा, आणि उशीर वेगळा मोजा

दुसऱ्या ऑर्डरच्या आयआयआरला दर नमुन्याला ५ गुणाकार लागतात, सेकंदाला १२५०. एफआयआरला दर नमुन्याला २२३१, सेकंदाला सुमारे ५ लाख ५८ हजार. बरोबरीच्या उताराचा नवव्या ऑर्डरचा बटरवर्थ घेतला तर चार जोडटप्पे आणि एक एकेरी मिळून २३ गुणाकार, सेकंदाला ५७५०. म्हणजे न्याय्य तुलनेतही एफआयआर जवळपास शंभर पट महाग आहे. आणि त्याला मागचे २२३१ नमुने जपून ठेवावे लागतात. बारा लीडच्या ईसीजीत आठ स्वतंत्र वाहिन्या असतात, तेव्हा प्रत्येकीसाठी.

हा खर्च कमी करता येतो. सममितीमुळे दोन्ही टोकांचे नमुने आधी बेरीज करून एकदाच गुणले तर गुणाकार निम्मे होतात. त्याहून मोठी बचत वेगळ्या वाटेने होते. आपल्याला जी लाट काढायची आहे ती ०.३ हर्ट्झची आहे. ती ओळखायला सेकंदाला २५० नमुने कशाला हवेत? सिग्नलची एक प्रत १० नमुन्यांच्या गतीवर आणा, तिथे ८९ टॅपच्या लो-पासने डुलती रेषा शोधा, ती पुन्हा २५० वर आणा आणि तेवढाच उशीर दिलेल्या मूळ सिग्नलमधून वजा करा. गती कमी करणारे आणि वाढवणारे सुमारे ९५ टॅपचे फिल्टर धरूनही सेकंदाला २८०० च्या आसपास गुणाकार होतात. एफआयआरचा खर्च असा जवळपास दोनशेव्या भागावर, नवव्या ऑर्डरच्या आयआयआरच्याही खाली येतो. नुसते टॅप मोजून एफआयआर बाद करणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही.

उशीर मात्र या कुठल्याही युक्तीने जात नाही. सममित एफआयआरचा उशीर टॅपच्या निम्मा असतो: १११५ नमुने, ४.४६ सेकंद. कमी गतीच्या वाटेने तो उलट किंचित वाढून ४.८ होतो. तो यंत्राच्या वेगावर अवलंबून नाही. ०.३ आणि ०.६७ यांतला फरक ओळखायला फिल्टरला अनेक सेकंद सिग्नल बघावाच लागतो, आणि मध्यापासून दोन्ही बाजूंना सारखं बघायचं तर मध्यानंतरचा निम्मा सिग्नल येईपर्यंत थांबावंच लागतं. आयआयआरला हा उशीर नाही, आणि त्याची किंमत आपण चौथ्या पायरीत मोजली.

म्हणून निवड करताना मी पहिला प्रश्न विचारतो तो उशिराचा. नोंद साठवलेली आहे? मग `sosfiltfilt`. दिवसभराची नोंद यंत्रातच साफ करून ठेवायची आहे, आणि पाच सेकंदांनी काही बिघडत नाही? मग कमी गतीच्या वाटेने जाणारा एफआयआर. पलंगाशेजारच्या पडद्यावर ठोका त्याच क्षणी दिसायला हवा, किंवा ठोक्याशी वेळ जुळवून विजेचा धक्का द्यायचा आहे? तिथे साडेचार सेकंद चालणार नाहीत. ०.५ हर्ट्झचा आयआयआर घ्या, ठोक्यांची गती आणि लय बघायला तो उत्तम आहे, पण त्या पडद्यावरच्या एसटीवरून कोणी निष्कर्ष काढू नये अशी सूचना त्याच पडद्यावर द्या. आणि एसटीही चालू सिग्नलवरच मोजायचा असेल तर त्यासाठी मूळ सिग्नलची वेगळी प्रत ०.०५ हर्ट्झच्या, ३२ बिटांच्या फिल्टरमधून काढा. त्या फिल्टरचा विसरण्याचा वेळ साडेचार सेकंदांच्या घरात आहे, त्यामुळे रुग्णाने कूस बदलल्यावर रेषा जागेवर यायला पंधरा-वीस सेकंद लागतील. तेवढ्या वेळातली मोजणी सोडून द्यायची.